एक दांडा अडकला असे धरून

अणुभट्टीत एका पिढीतल्या भंजनांमागे पुढच्या पिढीत किती भंजने होतात, त्या प्रमाणाला k म्हणतात. k नेमका 1 असेल तर शक्ती स्थिर राहते. k या स्थितीपासून किती ढळला आहे हे रिअ‍ॅक्टिव्हिटी सांगते: ρ = (k − 1)/k. हे आकडे फार लहान असल्याने एक लाखांश भागाला एक पीसीएम धरतात. k 1.001 असेल तर रिअ‍ॅक्टिव्हिटी सुमारे 100 पीसीएम असते.

युरेनियम-235 च्या भंजनातले सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन काही काळाने, कधी सेकंदभराने तर कधी मिनिटभराने, बाहेर पडतात. भट्टी माणसाच्या आणि यंत्राच्या आवाक्यात राहते ती या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांमुळेच. त्यांच्या वाट्याइतकी रिअ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे इथे 650 पीसीएम, हा एक डॉलर. ती ओलांडली की साखळी त्यांच्यासाठी थांबत नाही आणि शक्ती क्षणार्धात उसळते. प्लुटोनियममध्ये हा वाटा बराच कमी असल्याने इंधन जुने होत जाते तसा डॉलर लहान होतो.

नियंत्रक दांडा आत गेल्यावर जितकी रिअ‍ॅक्टिव्हिटी कमी होते तितकी त्याची किंमत. न्यूट्रॉन दाट असतात तिथे ती जास्त भरते. त्यामुळे गाभ्याच्या मधल्या भागातून दांडा सेंटीमीटरभर सरकला तर मोठा फरक पडतो, टोकांशी मात्र नगण्य. अमेरिकेतल्या आयडाहोमधील एसएल-1 या छोट्या भट्टीत मधल्या दांड्याची किंमत अवाजवी होती; तो एकटाच भट्टी पेटवू शकत होता. 3 जानेवारी 1961 रोजी देखभालीच्या वेळी तो सुमारे 10 सेंटीमीटर उचलायचा होता, पण सुमारे 50 सेंटीमीटर वर आला. भट्टी उसळली आणि तिथले तिन्ही कर्मचारी दगावले.

म्हणूनच शटडाउन मार्जिन काढताना सर्वांत किमती दांडा बाहेरच अडकला असे धरतात. समजा, दाबित पाण्याच्या भट्टीत सर्व दांड्यांची मिळून किंमत 7000 पीसीएम आहे आणि सर्वांत किमती दांड्याची 1200. उरले 5800. गणनेतल्या चुकीसाठी 10 टक्के वजा केले की 5220. शक्ती शून्यावर येताना इंधन व पाणी निवते, त्याने रिअ‍ॅक्टिव्हिटी 2600 ने वाढते. काही दांडे आधीच थोडे आत असतात, त्याचे 400. शिल्लक 2220 पीसीएम, म्हणजे सुमारे 3.4 डॉलर. परवान्यात 1300 ची अट असेल तर हे पुरेसे आहे.

पण हा आकडा टिकत नाही. भट्टी बंद झाल्यावर झेनॉन-135 काही तास वाढतो, तेव्हा मार्जिन फुगलेले दिसते. दोन-तीन दिवसांत तो बहुतांशी विरतो. पाणी आणखी थंड केले तर मार्जिन अधिकच घटते. त्यामुळे थंड करण्याआधी पाण्यात बोरॉन वाढवतात, आणि मार्जिनचा हिशेब झेनॉन नाहीच असे धरून करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.