‘उकडतंय’चा कर्ता कोण?

‘उजाडलं.’ ‘उकडतंय.’ ‘मळमळतंय.’ ही तिन्ही एकेका शब्दाची पूर्ण वाक्यं आहेत. कोण उजाडलं, कोण उकडतंय, असा प्रश्न मराठी माणसाला कधी पडत नाही. आपल्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता, वेगळा शोधायला जायचं नाही. तरीही क्रियापदाला काहीतरी लिंग आणि वचन घ्यावंच लागतं, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचन होतं. ‘उजाडला’ नाही, ‘उजाडली’ नाही, ‘उजाडलं’. इंग्रजीत जे काम ‘इट’ या सुट्या शब्दाला करावं लागतं, ते आपल्याकडे शेवटच्या अनुस्वारातच उरकलेलं असतं.

म्हणूनच शिकलासवरलेला माणूसही ‘इज रेनिंग’ म्हणून जातो. त्याला वाटतं, जे सांगायचं ते सगळं सांगून झालं. इंग्रजी कानाला मात्र ते अर्धवट लागतं. इंग्रजी क्रियापदाला प्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत, त्यामुळे कोण काय करतं हे शब्दांच्या जागेवरून कळतं. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची. ती भरलेली असली की साधं विधान, आणि ‘इज’ कर्त्याच्या पुढे आला की प्रश्न. ‘इट इज रेनिंग’ म्हणजे पाऊस पडतोय, ‘इज इट रेनिंग’ म्हणजे पडतोय का. नुसतं ‘इज रेनिंग’ ऐकलं की प्रश्न सुरू झाला आणि मधला शब्द गळाला, असं वाटतं. पावसाला कर्ता नसला तरी ती जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे अर्थ नसलेला ‘इट’ बसवतात.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ हा शब्द येतो. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’, आणि ‘थिंक्स’ म्हणजे ‘वाटतं’. आपल्या ‘मला वाटतं’ची हुबेहूब घडण, ‘इट’शिवायची. पुढे प्रत्यय झिजले, शब्दांचा क्रम पक्का झाला आणि ती जागा भरणं सक्तीचं झालं.

‘देअर’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं आपण सर्वांत जास्त अडखळतो ते इथेच. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ ही दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्यात पुस्तक आधीच ठाऊक आहे, ते कुठे आहे एवढंच सांगायचंय. दुसऱ्यात टेबलावर काय आहे, ही नवी बातमी आहे. आपण शब्द पुढेमागे केले की भागतं. इंग्रजीत शब्द इतक्या सहज हलत नाहीत, म्हणून नवी वस्तू पुढ्यात आणताना तिच्यासाठी ‘देअर’ची पायरी घालतात. पहिलं वाक्य ‘द बुक इज ऑन द टेबल’, दुसरं ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’.

आपण हा ‘देअर’ अगदीच विसरतो असंही नाही. पुष्कळदा तो वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवतो. ‘पाणी आहे का?’ याचं ‘वॉटर इज देअर?’ होतं, ‘अजून वेळ आहे’चं ‘टाइम इज देअर’. आपल्या मनात ‘इज देअर’ हीच जोडी ‘आहे’ची जागा घेते, आणि ‘आहे’ शेवटी येतो म्हणून तीही शेवटी जाते. भारतात हे सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र शेवटचा ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ असा ऐकू येतो आणि तो पाणी कुठे ठेवलंय ते बघू लागतो. म्हणायला हवं ‘इज देअर एनी वॉटर?’ आणि ‘देअर इज स्टिल टाइम’.

एक सबंध निरोप घेऊन बघू. समजा, घाटात अडकलेला एक कर्मचारी साहेबांना लिहितो: ‘सर, इज रेनिंग हेवीली. इन घाट वन ट्री इज फॉलन. बसेस आर नॉट देअर. विल टेक थ्री अवर्स टु रीच. इज नॉट पॉसिबल टु कम बाय टेन.’

पहिल्या वाक्याला ‘इट’ हवा: ‘इट इज रेनिंग हेवीली.’ दुसऱ्यात ‘इट’ही नको नि ‘देअर’ही नको, कारण पडणारं झाड स्वतःच कर्ता आहे. त्याला फक्त पुढे आणायचं: ‘अ ट्री हॅज फॉलन इन द घाट.’ तिसऱ्यात बस नाहीत ही नवी बातमी आहे, म्हणून ‘देअर आर नो बसेस’.

चौथं वाक्य ‘पोचायला तीन तास लागतील’ यावरून आलंय. मराठीत लागतात ते तास, म्हणजे तास हा कर्ता. इंग्रजीत तास कर्म होतात आणि कर्त्याची जागा मोकळी पडते: ‘इट विल टेक मी थ्री अवर्स टु रीच.’ पाचव्यात अशक्य काय आहे? ‘दहापर्यंत येणं’. तोच खरा कर्ता. पण एवढा लांबलचक कर्ता आरंभी ठेवायला इंग्रजीला जड जातं, म्हणून तो मागे सरकतो आणि त्याची जागा ‘इट’ धरून ठेवतो: ‘इट वोन्ट बी पॉसिबल फॉर मी टु कम बाय टेन.’

अशी जागा धरणं आपल्यालाही परकं नाही. ‘तू आलास हे बरं झालं’ यातला ‘हे’ बऱ्याच अंशी तेच करतो. फरक इतकाच की ‘तू आलास, बरं झालं’ असं म्हणून आपण त्याला सोडूनही देऊ शकतो. घरगुती बोलण्यात इंग्रजही ‘लुक्स लाइक रेन’ म्हणतात, पण अर्जात किंवा अहवालात तसं लिहीत नाहीत.

चूक एकदा दाखवून दिली की पुष्कळ जण जिथेतिथे ‘इट’ घालू लागतात. ‘इट इज अ टेम्पल इन अवर व्हिलेज’ हे त्यातलंच. गावात देऊळ आहे हे पहिल्यांदा सांगताय, तेव्हा ‘देअर इज अ टेम्पल’. देवळं दोन असली तर ‘देअर आर टू टेम्पल्स’, कारण इथे क्रियापद मागून येणाऱ्या नामाकडे बघतं. हवा, वेळ, अंतर किंवा एखादी अख्खी क्रिया सोपी की कठीण हे सांगायचं असेल तेव्हाच ‘इट’. आपला ‘ना?’ जोडायचा तरी हीच निवड शेवटपर्यंत टिकते: ‘देअर इज अ प्रॉब्लेम, इजन्ट देअर?’ इथे सवयीने ‘इजन्ट इट’ तोंडात येतं, ते चुकतं.

राहिला उच्चार. ‘देअर इज नोबडी देअर’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. म्हणजे ‘तिथे कोणी नाही’. दुसऱ्या ‘देअर’कडे बोट दाखवता येतं, म्हणून त्यावर जोर येतो. पहिल्याकडे बोट दाखवायला काहीच नाही. तो घाईत, अर्धा गिळलेला, ‘दर्झ नोबडी’ असा निघून जातो. इतका हलका असल्यामुळेच तो आपल्या कानातून निसटतो, आणि मग लिहिताना हातातूनही.