उष्णतेचा जमाखर्च: थर्मल सिम्युलेशनविषयी काही गैरसमज

इलेक्ट्रॉनिक उपकरणाची पेटी प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी ती कितपत तापेल याचा अदमास संगणकावर घेण्याची पद्धत, म्हणजेच थर्मल सिम्युलेशन, आता चांगलीच रूढ झाली आहे. परंतु पडद्यावर उमटणाऱ्या लाल-निळ्या चित्राचा दिमाखच असा, की ते पाहणाऱ्याला त्यामागील गृहीतांची चौकशी करण्याची आठवण राहत नाही, आणि पुढचे बहुतेक गैरसमज तेथूनच उपजतात.

एक साधा दाखला घेऊ. पंखा नसलेली, सर्व बाजूंनी बंद अशी ॲल्युमिनियमची पेटी भिंतीवर टांगलेली आहे. तिची उंची 200, रुंदी 150 आणि खोली 75 मिलिमीटर असून, आत 15 वॅट उष्णता निर्माण होते व खोलीतील हवा 40 अंश सेल्सिअस आहे. भिंतीला टेकलेली पाठ वगळता उष्णता बाहेर टाकण्यास सुमारे 0.08 चौरस मीटर पृष्ठभाग उरतो.

ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरले की पेटी थंड राहील, हा पहिला समज. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट आहे, हे खरेच; परंतु उष्णतेची वाट धातूत अडत नसून धातू सोडून हवेत शिरताना अडते, आणि म्हणून चिपखालील उष्णता आजूबाजूला पसरविण्यापुरता तांब्याचा उपयोग असला, तरी या पेटीच्या सरासरी तापमानात त्याने लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे: हवेच्या अभिसरणाचा हिशेब केला की काम झाले, प्रारण म्हणजे किरकोळ बाब. पंखा जोरात वाहत असेल तेथे हे बव्हंशी चालून जाते. आपल्या पेटीभोवतीची हवा मात्र केवळ तापल्यामुळे हलकी होऊन वर सरकते, आणि अशा मंद प्रवाहाने प्रत्येक चौरस मीटरमधून, तापमानाच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे, जेमतेम 4 ते 5 वॅट उष्णता वाहून जाते. रंग दिलेला पृष्ठभाग तेवढ्याच फरकात प्रारणाने साडेसहा वॅटच्या आसपास टाकतो, तर चकचकीत ॲल्युमिनियम एक वॅटही टाकत नाही. हिशेब पुरा केला, तर रंगविलेल्या पेटीचे कवच हवेपेक्षा सुमारे 16 अंशांनी आणि उघड्या धातूचे सुमारे 31 अंशांनी तापते. आकार तोच, आतील वॅट तेच, आणि फरक जवळपास दुपटीचा! ज्याने सिम्युलेशनमध्ये प्रारण बंद ठेवले, त्याने रंगविलेली पेटीही नाहक मोठी करण्याची तजवीज केली. येथे एक पोटगैरसमज आहे, तो काळ्या रंगाचा: या तापमानाचे प्रारण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त असल्यामुळे पांढरा तेलरंगही त्यात काळ्याइतकाच कामाचा ठरतो, आणि पेटी उन्हात असेल तर पांढराच बरा.

तिसरी चूक चित्रात सहसा दिसतच नाही. चिप आणि पेटीची भिंत एकमेकींना टेकवून काढली, की पुष्कळ सॉफ्टवेअर तो स्पर्श निर्दोष मानतात. वास्तविक दोन धातूंमध्ये हवेचा बारीक थर राहतोच. एक सेंटिमीटर चौरस चिपमधून 5 वॅट जात असतील आणि मधला हवेचा थर मिलिमीटरच्या अवघ्या विसाव्या भागाइतका सलग असेल, तरी तेवढ्या थरातच तापमान 90 अंशांहून अधिक घसरावे लागते, म्हणजे चिप जळण्याचीच पाळी. त्या जागी एक मिलिमीटर जाडीचे बऱ्यापैकी थर्मल पॅड बसविले तर ही घसरण सुमारे 17 अंशांवर येते. पण तीही संपूर्ण रंगीत कवचाच्या तापमानवाढीइतकी आहे, हे विसरू नये.

जाळी जितकी बारीक तितके उत्तर खरे, असेही मानले जाते. जाळी बारीक केल्याने समीकरणांचे उत्तर अचूक होते, गृहीते नव्हेत. चुकीच्या वॅटसंख्येचे उत्तर दहा लाख घटकांच्या जाळीतही चुकीचेच राहते. म्हणून दोन झडत्या अवश्य घ्याव्यात. जाळी दुप्पट बारीक करून महत्त्वाच्या जागेचे तापमान एखाद्या अंशापलीकडे हलत नाही ना, हे पाहावे. आणि गणित स्थिरावल्यावर सर्व सीमांतून बाहेर पडणारी उष्णता 15 वॅट भरते का, हे ताळेबंदाप्रमाणे ताडावे. ती 12 भरली, तर ते चित्र कितीही देखणे असो, बाद समजावे.

अखेरीस नमुना बनवून मोजमाप करावेच लागते, आणि तेथेही उघड्या ॲल्युमिनियमवर अवरक्त कॅमेरा रोखणारा मनुष्य फसतो. कारण चकचकीत धातू स्वतः फारसे प्रारण न करता खोलीचेच प्रारण परावर्तित करतो, आणि तापलेली पेटी कॅमेऱ्याला थंड दिसते. मोजावयाच्या जागी विजेच्या कामाच्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवावा, पेटी पुरती तापून स्थिर होईपर्यंत तासभर किंवा अधिक थांबावे, आणि मगच आकडा टिपून घ्यावा.