कमीत कमी काप

‘ननवजीवन’ या अक्षरओळीचे असे तुकडे करायचे, की प्रत्येक तुकडा उलटसुलट सारखाच वाचता येईल. घाईने सुरुवातीचा सर्वांत लांब तुकडा ‘नन’ तोडला, तर पुढे ‘वजीव’ आणि ‘न’ उरतात, म्हणजे दोन काप. ‘न’ आणि ‘नवजीवन’ केले, तर एकच.

म्हणून आधी तक्ता भरतात, लहान तुकड्यांपासून. ‘वजीव’ जुळतो हे तक्त्यात असले, की ‘नवजीवन’साठी फक्त दोन्ही टोकांचे ‘न’ ताडायचे.

मग प्रत्येक अक्षरापर्यंतचे किमान काप मांडायचे: ०, ०, १, २, १, १. शेवटचा १ कसा आला? ‘नवजीवन’च्या आधीच्या ‘न’चे ० काप, अधिक एक.

एक खोच मात्र आहे. संगणक ‘जी’मधली वेलांटी वेगळे चिन्ह मानतो, अक्षरे आधी जोडून घेतली नाहीत, तर त्याला ‘नवजीवन’ उलटसुलट सारखे दिसतच नाही.