भागीदाराची निवृत्ती
भागीदार निवृत्त होताना संस्थेच्या मत्ता व देयता यांचे पुनर्मूल्यन करतात; कारण पुस्तकी किंमतींत न दिसणाऱ्या वाढघटीतही त्याचा वाटा असतो. समजा, अ, ब व क हे समान भागीदार असून क निवृत्त झाला. त्याचे भांडवल 40,000 रु. आहे. इमारतीची किंमत 15,000 रुपयांनी वाढली आणि बुडीत ऋणांसाठी 3,000 रुपयांची तरतूद करावी लागली, तर पुनर्मूल्यनाचा लाभ 12,000 रु. होऊन त्यातील 4,000 रु. क याच्या खाती जमा होतात. नावलौकिकाचे मूल्य 18,000 रु. ठरल्यास त्यातील त्याचा 6,000 रुपयांचा हिस्सा अ व ब यांच्या भांडवल-खात्यांतून भरून देतात. एकूण देणे 50,000 रु. होते. ते न फेडता व्यवसाय चालू ठेवल्यास, विरुद्ध करार नसेल तर, भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 37 अन्वये तो आपल्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा किंवा द.सा. 6 टक्के व्याज, यांपैकी एक मागू शकतो.