खपली सुटते तेव्हा

गर्भाशयमुखाची छोटी शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या बाईला पहिले चार-पाच दिवस बहुतेक काही त्रास होत नाही. ओटीपोटात थोडं दुखतं, पॅडवर डाग पडतात, तेही कमी होत जातात. आठवड्याभरात ती स्वयंपाकघरात उभी राहते आणि घरचे म्हणतात, बरी झाली. मग आठव्या-दहाव्या दिवशी अचानक लाल, ताजं रक्त जायला लागतं. घरात दोनच तर्क लढवले जातात. एक तर ‘काहीतरी बिघडलं’, नाहीतर ‘पाळी आली असेल’. बऱ्याच वेळा दोन्ही चुकीचे असतात, आणि दुसरा जास्त महागात पडू शकतो.

आधी नेमकं काय कापलं होतं ते माहीत हवं, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. पॅप किंवा एचपीव्हीच्या तपासणीत काही आढळलं, की डॉक्टर दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड पाहतात. याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. तिथं व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात आणि पांढरट दिसणाऱ्या जागेतून चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात. ही साधी बायोप्सी. जखम एवढीशी असते की आठवड्याभरात भरते. लीपमध्ये, म्हणजे विजेच्या तारेच्या फासाने केलेल्या शस्त्रक्रियेत, गर्भाशयमुखाचा बाहेरचा भाग साधारण सेंटिमीटरभर खोलीचा चकतीसारखा काढतात. बहुतेक वेळा जागा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच हे उरकतं. कोन बायोप्सीत त्याहून खोल, शंकूच्या आकाराचा तुकडा सुरीने काढतात आणि त्यासाठी भूल द्यावी लागते. कधी टाके घालतात, कधी रक्त थांबवायला आत कापडी पट्टी भरतात. ती पट्टी कोण, कधी काढणार, हे घरी निघण्याआधी विचारून घ्यावं. लीप आणि कोनची जखम पुरती भरायला चार ते सहा आठवडे लागतात.

पहिल्या दोन दिवसांतल्या कळा पाळीच्या कळांसारख्याच असतात. त्या बायोप्सीनंतर काही तास, तर लीप किंवा कोननंतर एक-दोन दिवस राहतात. पॅरासिटामॉल पुरतं. पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास नसेल तर जेवल्यावर आयबुप्रोफेनही चालतं. ॲस्पिरिन मात्र स्वतःहून घेऊ नये, त्याने रक्त पातळ होतं. हृदयासाठी ती रोज चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नये. ते शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. कळा दिवसागणिक उतरत जायला हव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या वाढत असतील आणि गोळीने दबत नसतील, तर फोन करायचा.

पॅडवर जे दिसतं त्याने मात्र बायका पार घाबरतात. साध्या बायोप्सीनंतरसुद्धा काळपट, तपकिरी, दाणेदार, अगदी चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी बाहेर येतं. ही जखमेतली घाण नसते. रक्त थांबवायला डॉक्टर जखमेवर लोहाच्या क्षाराचं एक मोहरीच्या रंगाचं दाट औषध लावतात. त्याला मोन्सेलचं द्रावण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच लष्करी औषधतज्ज्ञाच्या नावावरून. त्याने रक्त तिथल्या तिथे गोठतं आणि पुढे दोन-चार दिवस ते गोठलेलं रक्त औषधासकट गळत राहतं. हे आधी सांगायला दोन वाक्यं लागतात, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जातात.

लीप किंवा कोननंतर हे काळं जाणं थांबलं, की पाण्यासारखा स्राव सुरू होतो. कधी गुलाबी, कधी पिवळट, कधी इतका की दिवसाला दोन-तीन पॅड बदलावी लागतात. उघड्या जखमेतून पाझरणारं हे पाणी दोन ते चार आठवडे चालतं. त्याला किंचित शिळा किंवा जळकट वास असू शकतो.

आता दहाव्या दिवसाकडे येऊ. तार फिरवल्यावर जी जागा उरते ती डॉक्टर विजेने भाजून घेतात, म्हणजे रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. भाजलेल्या जागेवर खपली धरते. तिच्याखाली कडेकडेने नवी त्वचा सरकत येते आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटते. ती सुटताना खालची एखादी बारीक रक्तवाहिनी अजून पुरती मिटलेली नसेल, तर रक्त येतं. म्हणून या शस्त्रक्रियेनंतरचं रक्त सरळ रेषेत कमी होत नाही. ते कमी होतं, मध्येच एक-दोन दिवस वाढतं आणि पुन्हा ओसरतं.

समजा, तालुक्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहणारी बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. तिची पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते. अशी शस्त्रक्रिया शक्यतो पाळी संपल्यावर करतात, म्हणून तिची लीप पाळीच्या आठव्या दिवशी झाली. त्यानंतर दहाव्या दिवशी घरात लग्नाची गडबड असताना तिने भरलेला हंडा उचलला आणि दुपारी रक्त जायला लागलं. जाऊ म्हणाली, “पाळी आली असेल, होईल कमी.” जरा हिशोब मांडू. आठवा दिवस अधिक दहा, म्हणजे पाळीचा अठरावा दिवस. पुढची पाळी यायला अजून दहा दिवस आहेत. हे पाळीचं रक्त नाही, खपलीच्या जागेचं आहे. जिची पाळी कायमची थांबली आहे तिला तर हा हिशोबही नको.

रक्त खपलीचं आहे म्हणजे लगेच धोका आहे, असं नाही. प्रश्न असतो तो वेगाचा. रंग लाल आहे की काळा, यावरून फारसं काही ठरत नाही. एक पॅड भरायला किती वेळ लागतो, यावरून ठरतं. तिने नवीन पॅड लावावं, घड्याळ पाहावं आणि आडवं पडावं. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं आणि दुसऱ्या तासात दुसरंही भिजलं, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छाती धडधडत असेल, तर दोन तास मोजत बसायचीही गरज नाही. घडीच्या कापडाने हा हिशोब लागत नाही, म्हणून निदान हे चार आठवडे दुकानातली पॅड घरात असलेली बरी.

एक चकवा इथे लक्षात ठेवावा. रात्रभर झोपून उठल्यावर एकदम भळकन रक्त येतं आणि सोबत एखादी गाठ पडते. आडवं असताना योनीमार्गात साचलेलं रक्त उभं राहताच बाहेर पडतं, तेच हे. मग नवीन पॅड लावून तासभर पाहायचं. डागच पडत असेल तर ते रात्रीचं साठलेलं होतं.

आपल्या या बाईचं पहिलं पॅड तासाभरात अर्धं भिजलं. तिने दवाखान्यात फोन लावला.

“सिस्टर, लीप होऊन दहा दिवस झालेत. दुपारपासून लाल रक्त जातंय. तासाला अर्धं पॅड.”

“गाठी पडतात का? ताप आहे? चक्कर?”

“गाठी बारीक आहेत. ताप नाही. चक्कर नाही.”

“रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?”

“नाही.”

“मग आता पडून राहा, वजन उचलू नका, जेवण-पाणी घ्या. तासाभराने परत सांगा. वाढलं तर लगेच निघा, एकट्या येऊ नका.”

‘खूप जातंय’ एवढंच सांगितलं असतं, तर सिस्टरला काहीच ठरवता आलं नसतं. कोणती शस्त्रक्रिया, कितवा दिवस आणि तासाला किती पॅड, या तीन गोष्टी फोनवर आधी सांगाव्यात. गाव लांब असेल आणि संध्याकाळ होत आली असेल, तर मात्र मर्यादा जरा अलीकडेच धरावी. रात्री गाडी मिळणार नसेल तर दुसरं पॅड भिजायची वाट पाहू नये. गरोदरपणात बायोप्सी झालेल्या बाईनेही थोडक्यातच फोन करावा, कारण त्या काळात गर्भाशयमुखाला रक्तपुरवठा वाढलेला असतो.

दवाखान्यात गेल्यावर काय करतील या भीतीने काहीजणी घरीच थांबतात. एरवी जे करतात ते फार मोठं नसतं. आतून तपासून रक्त कुठून येतंय ते पाहतात, पुन्हा मोन्सेलचं औषध किंवा सिल्व्हर नायट्रेट लावतात, थोडा वेळ पट्टी दाबून ठेवतात, गरज पडली तर ती जागा पुन्हा भाजतात. टाका घालायला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागणं क्वचितच होतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या रक्तामागे कधीकधी जंतुसंसर्ग असतो. संसर्गाने खपली मऊ पडते आणि वेळेआधी सुटते. अशा वेळी सोबत इतर खुणा दिसतात: 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं, ओटीपोट दाबल्यावर दुखणं, पाण्यासारख्या स्रावाचं घट्ट, हिरवट-पिवळं आणि नाक मुरडायला लावणाऱ्या घाण वासाचं होणं. यातलं काही दिसलं तर रक्त थोडंच असलं तरी त्याच दिवशी दाखवावं, अँटिबायोटिक लागेल. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नयेत.

लीप-कोननंतर चार आठवडे शरीरसंबंध नको, टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप नको, पोहणं नको, हे सगळं याच खपलीसाठी सांगतात. साध्या बायोप्सीला ही बंधनं काही दिवसांचीच असतात आणि नेमके दिवस डॉक्टर सांगतात. आतून पाण्याने किंवा जंतुनाशकाने धुणं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको. वास येतो म्हणून अनेक बायका नेमकं तेच करतात आणि जखम चिघळवून घेतात. रोजची अंघोळ, बाहेरून साध्या पाण्याने धुणं, चालणं-फिरणं, हलकी कामं चालतात. हंडा, गॅसचं सिलिंडर, कडेवरचं मूल दोन-तीन आठवडे दुसऱ्यांनी उचलावं. नवऱ्याला हे कोणी सांगायचं, हा प्रश्न बायकोवर टाकण्यापेक्षा डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनीच त्याला समोर बसवून सांगितलं तर सोपं जातं.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली पाळी थोडी मागेपुढे होते, नेहमीपेक्षा जास्त जाते, दुखतेही. पॅडचा तासाचा नियम तिलाही लागू आहे. त्या पुढच्या काळात एक वेगळीच तक्रार येऊ शकते, विशेषतः खोल कोननंतर. जखम भरताना व्रण आक्रसतो आणि गर्भाशयाचं तोंड अरुंद होतं. मग पाळीच्या दिवसांत कळा जबर येतात, पण रक्त थेंबभरच जातं किंवा अजिबात जात नाही. ‘बरं झालं, जाणं कमी झालं’ असं म्हणून ते सोडून देऊ नये. गरोदर नाही याची खात्री करून डॉक्टरांना दाखवावं. अडकलेल्या रक्ताला वाट करून देण्यासाठी ते तोंड हलकेच रुंद करता येतं.