मूर्तीच्या फोटोला लाइक हजार, बुकिंग मात्र दोनच; ‘बूस्ट’ कधी पुरते आणि ॲड्स मॅनेजर कधी शिकायचा?

पेण : गणेशोत्सव जवळ आला की पेण, हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांच्या फेसबुक पेजवर मूर्तींचे फोटो झळकू लागतात. फोटोखालीच Boost post हे बटण असते. पैसे भरले की लाइक वाढतात, ‘गणपती बाप्पा मोरया’च्या कमेंट पडतात, पण बुकिंगची वही जेमतेम हलते. पैसे नेमके जातात कुठे?

यंत्रणेला जे मागाल, तेच ती शोधून आणते. बूस्ट करताना उद्दिष्ट म्हणून लाइक-कमेंट निवडले, तर फेसबुक सतत लाइक-कमेंट करणारी माणसे गाठते. बाप्पाच्या फोटोला हात जोडणारे कमी नाहीत, पण त्यातल्या बहुतेकांच्या घरची मूर्ती आधीच ठरलेली असते. त्यामुळे मूर्तीची पोस्ट बूस्ट करताना किमान ‘मेसेज’ हे उद्दिष्ट तरी निवडावे.

रोह्यात बूस्ट पुरते

समजा, रोह्यातल्या एका मिठाईवाल्याला चतुर्थीसाठी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. गिऱ्हाईक आसपासचेच, निर्णय दोन मिनिटांचा आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर. दुकानावर नकाशाची पिन ठेवून काही किलोमीटरचे वर्तुळ आखायचे, पाच दिवसांसाठी रोज ३०० रुपये लावायचे, की झाले. या वर्तुळात तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच येऊन गेलेलेही येतात, म्हणून ‘फक्त रोह्यात डिलिव्हरी’ असे पोस्टमध्येच लिहिलेले बरे. एवढ्यासाठी ॲड्स मॅनेजर शिकत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

पेणचे गणित वेगळे

पेणच्या कारखानदाराचे घरगुती गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुण्यात असते. ते उंची विचारते, शाडू की पीओपी विचारते, घरच्यांशी बोलते आणि मग ठरवते. समजा, त्यानेही मेसेजसाठी १,५०० रुपयांचे बूस्ट केले. १८ टक्के जीएसटी धरून खर्च १,७७० रुपये. मेसेज ६० आले, त्यातले बहुतेक ‘प्राइस?’ एवढेच विचारणारे, आणि बुकिंग दोन. म्हणजे एका बुकिंगला ८८५ रुपये. मूर्तीमागे ६०० रुपये सुटत असतील, तर हा तोटाच. बुकिंगला ३०० रुपये पडले असते, तर बूस्ट बदलायचे कारण नव्हते. पोहोच किंवा लाइक नव्हे, खर्च भागिले बुकिंग हाच आकडा बघायचा.

तोटा दिसला, तर ॲड्स मॅनेजर उघडावा. तिथे एका कॅम्पेनखाली वेगवेगळे ‘ॲड सेट’ करता येतात. एक मुंबई-ठाण्याचा, दुसरा पुण्याचा, दोघांचे बजेट वेगळे. मग कोणत्या शहरातून बुकिंग स्वस्त पडते ते दिसते. उद्दिष्ट Leads ठेवले, तर फेसबुकमध्येच उघडणारा छोटा फॉर्म देता येतो. त्यात उंची, माती आणि मूर्ती नेण्याची तारीख विचारली की नुसते चौकशी करणारे बरेचसे आपोआप गळतात. (फॉर्मचा पर्याय काही वेळा बूस्टमध्येही दिसतो, शहरांची अशी तुलना मात्र तिथे जमत नाही.)

खरा फायदा जुन्या वहीचा. गेल्या वर्षीच्या ग्राहकांचे नंबर, अर्थात त्यांच्या परवानगीने, अपलोड करून त्यांच्यापुरती वेगळी जाहिरात दाखवता येते. ज्यांचे बुकिंग झाले, त्यांना वगळता येते. यादीतले किमान १०० जण फेसबुकला सापडले, तर त्यांच्यासारखे नवे लोक शोधायलाही सांगता येते. ज्या पोस्टवर आधीच चांगल्या कमेंट आहेत, तीच पोस्ट इथे जाहिरात म्हणून वापरता येते, कमेंटसकट.

छोट्या बजेटची अडचण

प्रत्येक ॲड सेटला स्थिरावायला आठवड्यात साधारण ५० निकाल, म्हणजे इथे ५० फॉर्म, लागतात. समजा, एक फॉर्म ४० रुपयांना पडला, तर एका सेटला आठवड्याचे २,००० आणि दोन सेटना ४,००० रुपये, जीएसटीसह ४,७२०. त्या १०० फॉर्ममधून १२ बुकिंग झाली, तर एक सुमारे ३९३ रुपयांना पडते. इथे धंदा जमतो. पण तेवढ्याच पैशांत पाच-सहा सेट केले, तर एकही धड शिकत नाही. ज्यांच्या सगळ्या मूर्ती दरवर्षी व्यापारीच उचलतात, त्यांनी या भानगडीत पडूच नये.

आणखी एक चूक नेहमी होते. दोन दिवसांत बुकिंग आले नाही, की फोटो बदलला जातो, बजेट दुप्पट केले जाते. असा मोठा बदल केला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून जाहिरात उत्सवाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दीड-दोन महिने आधी लावावी आणि पहिला आठवडाभर तिला हात लावू नये.