पंप बंद केल्याचं आठवत नाही

समजा, एका सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत राहिली आणि सकाळी पंप सांभाळणाऱ्या माणसाकडे लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा इंग्रजीत द्यायचा आहे. तो लिहितो, ‘आय डिड नॉट रिमेंबर टू स्विच ऑफ द पंप.’ त्याच्या जागी दुसरा कोणी लिहील, ‘आय डू नॉट रिमेंबर स्विचिंग ऑफ द पंप.’ दोन्ही वाक्यांत पंप आहे, आठवण आहे आणि नकार आहे. तरीही पहिलं वाक्य म्हणजे सरळ कबुली आहे. पंप बंद करायचं याच्या ध्यानात राहिलं नाही, म्हणजे याने तो बंद केलाच नाही. दुसऱ्या वाक्यात अशी कबुली कुठेच नाही. बंद केल्याचं आठवत नाही, एवढंच तो सांगतो. केलाही असेल, आणि नंतर कोणीतरी पुन्हा चालू केला असेल. पहिला खुलासा वाचून समितीला चौकशी आवरती घेता येईल. दुसरा वाचल्यावर मात्र रात्री गच्चीवर आणखी कोण गेलं होतं, हे विचारावं लागेल.

शाळेत हा विषय इन्फिनिटिव आणि जेरंड या नावांनी येतो. क्रियापदाच्या आधी ‘टू’ आलं की इन्फिनिटिव, आणि शेवटी ‘आयएनजी’ लागून ते नामासारखं वागू लागलं की जेरंड. मग याद्या पाठ करायच्या: अमुक क्रियापदांपुढे हे रूप, तमुक क्रियापदांपुढे ते, आणि काहींपुढे दोन्ही चालतात. ‘दोन्ही चालतात’ हा शेरा फसवा आहे. ‘स्टार्ट’ किंवा ‘बिगिन’पुढे खरोखरच दोन्ही चालतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. ‘रिमेंबर’, ‘स्टॉप’ आणि ‘ट्राय’ यांच्यापुढे दोन्ही रूपं व्याकरणात बसतात, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणूनच इथली चूक पकडायला कठीण जाते. वाक्य निर्दोष दिसतं. फक्त ते आपल्याला म्हणायचं होतं ते वाक्य नसतं.

‘रिमेंबर’च्या बाबतीत आधी काय घडलं हे पाहावं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’मध्ये कुलूप आधी लागलं, आठवण नंतर आली. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’मध्ये आठवण आधी झाली आणि तिच्यामागून कुलूप लागलं. मराठी माणसाला हा फरक नवा नाही. ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ आणि ‘कुलूप लावायचं लक्षात राहिलं’ यांत आपण कधीच गल्लत करत नाही. ‘लावल्याचं’ मागे पाहतं आणि ‘लावायचं’ पुढे. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातलं मराठी रूप यांपैकी कोणतं आहे एवढं पाहिलं, तरी ‘रिमेंबर’ आणि त्याचं भावंड ‘फरगेट’ बहुतेक वेळा बरोबर उतरतात.

यातली खरी मौज नकारात आहे. भाषाशास्त्रज्ञ लौरी कार्टुनेन यांनी 1971 साली इंग्रजीतल्या क्रियापदांच्या एका गटाकडे लक्ष वेधलं. या गटातलं क्रियापद होकारार्थी असेल तर पुढची क्रिया घडलेली असते, आणि ते नकारार्थी केलं की ती घडलेली नसते. ‘टू’सह येणारं ‘रिमेंबर’ याच गटातलं. ‘शी रिमेंबर्ड टू पे द बिल’ म्हणजे तिने बिल भरलं. ‘शी डिड नॉट रिमेंबर टू पे द बिल’ म्हणजे भरलं नाही. ‘वॉन्ट’ तसं नाही. तिला बिल भरायचं होतं, एवढ्यावरून ते भरलं की नाही हे कळत नाही. ‘रिमेंबर’पुढे ‘आयएनजी’चं रूप आलं की हा हिशेब बदलतो. आठवण आहे म्हटलं तर क्रिया घडली असं गृहीत धरलं जातं, पण आठवण नाही म्हटल्याने क्रिया घडली नाही असं मुळीच ठरत नाही. पंपाच्या दोन खुलाशांमधलं अंतर नेमकं हेच आहे.

‘टू’ पुढे का पाहतं, याचं कारण त्याच्या जुन्या घरात सापडतं. हे ‘टू’ मुळात दिशा दाखवणारं, ‘कडे’ अशा अर्थाचं शब्दयोगी अव्यय होतं, आणि गावाकडे जाताना वापरायचं ‘टू’ आजही तेच आहे. जुन्या इंग्रजीत ते क्रियापदाच्या विभक्ती लागलेल्या रूपाआधी येई. विभक्ती झिजून गेली, पण क्रियेकडे निघाल्याचा भाव पुष्कळ ठिकाणी टिकला. मात्र याचा सर्रास नियम करू नये. ‘अव्हॉइड’ आणि ‘सजेस्ट’ यांच्यापुढे क्रिया घडलेली नसतानाही ‘आयएनजी’चंच रूप येतं.

‘स्टॉप’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग टू हिज ब्रदर’ म्हणजे त्याने भावाशी बोलणं टाकलं. ‘ही स्टॉप्ड टू टॉक टू हिज ब्रदर’ म्हणजे तो जाता जाता भावाशी बोलायला थांबला. एका वाक्यात घर दुभंगलंय, दुसऱ्यात रस्त्यात चार शब्दांची विचारपूस झाली आहे. पहिल्या वाक्यात बोलणं हेच थांबलेलं आहे. दुसऱ्यात चालणं थांबलं, आणि ‘टू टॉक’ने फक्त त्यामागचा हेतू सांगितला. दुसऱ्या वाक्यात ‘स्टॉप्ड’नंतर ‘द कार’ घालून पाहा: ‘ही स्टॉप्ड द कार टू टॉक टू हिज ब्रदर.’ वाक्य बिनतक्रार चालतं. पहिल्यात ती गाडी बसवायला जागाच नाही. ‘टू’च्या वाक्यात काय थांबलं हे अनेकदा न सांगता सोडलेलं असतं, हे या परीक्षेतून कळतं.

तिघांत ‘ट्राय’ सर्वांत निसरडं आहे. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ऐकणाऱ्याला वाटतं, ती बहुधा उघडली नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली. ती उघडली, आता उकाडा कमी झाला का हा प्रश्न. मराठीतलं ‘उघडून पाहणं’ इथे अगदी चपखल बसतं. इंटरनेट बंद पडल्यावर मदतकेंद्रातला माणूस ‘ट्राय रीस्टार्टिंग द राउटर’ म्हणतो तेही याच अर्थाने. राउटर बंद करून चालू करणं अवघड आहे असं त्याला म्हणायचं नसतं. ते करून पाहा, कदाचित उपयोग होईल, असं तो सुचवतो. त्यावर ‘आय ट्राइड टू रीस्टार्ट इट’ असं उत्तर मिळालं, तर राउटर चालूच होत नाही असा त्याचा समज होईल आणि तो वेगळ्याच बिघाडाच्या मागे लागेल.

‘ट्राय’मधली ही रेघ बाकी दोघांइतकी ठळक नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो, बट इट वॉज स्टक’ असं इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही बोलून जातात, म्हणजे उघडू न शकलेल्या खिडकीसाठीही हे रूप वापरलं जातं. उलट ‘टू’ने अपयश सुचतं, सिद्ध होत नाही, प्रयत्न केला आणि खिडकी उघडली, असं पुढे म्हणता येतंच. शिवाय ‘ट्राय’ स्वतःच ‘ट्राइंग’ झालं की पुढे आणखी एक ‘आयएनजी’ कानाला खटकतं, म्हणून ‘आय अ‍ॅम ट्राइंग टू’ हीच वाट उरते. तिथे ‘प्रयत्न करतोय’ की ‘करून पाहतोय’ हे रूपावरून ठरवता येत नाही, मागचापुढचा संदर्भच पाहावा लागतो.